समूहछायाचित्रातून आयकार्डाच्या दोऱ्या आणि बॅगांचे पट्टे काढताना मागे राहणारा 'व्ही' कसा घालवावा?

फोकस_मुलुंड (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात गोरेगावच्या एका प्रदर्शन सभागृहात एका कंपनीच्या वार्षिक मेळाव्याचे काम केले. शेवटी नेहमीप्रमाणे समूहछायाचित्र झाले : ४१ माणसे, तीन रांगा, पहिली रांग खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या गळ्यात बोटभर रुंदीची लाल दोरी आणि तिला लटकलेले पारदर्शक पाकिटातले ओळखपत्र होते. शिवाय थेट लोकल पकडून आलेल्या दोघांच्या खांद्यावर लॅपटॉपच्या बॅगा तशाच राहिल्या होत्या. त्या वेळी कोणीच काही बोलले नाही. आता मात्र हे छायाचित्र स्वागतकक्षात ३० इंच रुंदीचे लावायचे ठरले आहे आणि दोऱ्या, कार्डे, बॅगा हे सर्व काढून द्यावे, असा निरोप आला आहे.

पहिल्या रांगेतील चार जणांवर हीलिंग ब्रशने प्रयत्न करून पाहिला. लाल रंग गेला, पण छातीवर फिकट 'व्ही' तसाच दिसतो आहे, आणि दोघांची कॉलर मानेच्या त्वचेत विरघळल्यासारखी झाली आहे. माझा क्रम चुकतो आहे की हत्यार? चौकड्यांच्या शर्टांचे काय करावे आणि बॅगेच्या पट्ट्यांना हात लावावा की लावू नये, हेही अनुभवी सदस्यांनी सांगावे.

दादरचा_निवांत

गळ्यात पट्टा घालून घेतलेला फोटो नंतर पट्टा काढून भिंतीवर लावायचा, ही कल्पना मानव संसाधन विभागालाच सुचू शकते. रुमाल टाकून ठेवतो.

पवई_पिक्सेल

यात एवढे अवघड काय आहे, हे समजले नाही. लॅसोने दोरीभोवती निवड करावी आणि कंटेंट अवेअर फिल द्यावे. आसपासचा शर्ट उचलून प्रोग्राम स्वतःच जागा भरतो. मी गणपतीच्या फोटोंतून विजेच्या तारा अशाच काढतो. माणशी दोन मिनिटे धरली, तरी दीड तासात काम संपायला हवे.

छायाप्रकाश

पवई_पिक्सेल यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. आकाशातील तार आणि छातीवरील दोरी यांत फरक असा की तारेची सावली आकाशावर पडत नाही आणि तारेच्या वजनाने आकाशाला सुरकुती पडत नाही.

अल्बम आणि समूहछायाचित्रांच्या दुरुस्तीचे काम मी सोळा वर्षे करत आहे. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की दोरी एकटी नसते. तिच्या एका बाजूला सावलीची रेघ असते. तिच्या खाली शर्ट दाबला गेलेला असतो, त्यामुळे दोन्ही कडांना कापड किंचित उचललेले असते. आणि दोरी लाल असेल तर पांढऱ्या शर्टावर दोन्ही बाजूंना गुलाबी झाक पसरते. धागाकर्त्यांनी फक्त दोरी पुसली आणि या बाकीच्या गोष्टी जागेवरच राहिल्या. तो फिकट 'व्ही' म्हणजे त्याच.

आता कॉलर का विरघळली ते पाहू. हीलिंग ब्रश पोत उचलतो तो तुम्ही दाखवलेल्या जागेवरून, पण रंग आणि उजेड घेतो तो जिथे रंगवता तिथल्या कडेवरून. मान आणि कॉलर यांच्या सीमेवर तो फिरवला की एका कडेला त्वचा सापडते, दुसऱ्या कडेला पांढरे कापड, आणि तो दोहोंचा काला करतो. दोरीचा थोडा लाल भाग ब्रशच्या कडेला राहिला, तर तोही आत ओढला जातो. म्हणून सीमेजवळ क्लोन स्टॅम्पच वापरावा, तोही त्या भागाची निवड करून, म्हणजे ब्रश कॉलरबाहेर जाऊच शकणार नाही. हीलिंग नंतर, मोकळ्या कापडाच्या मध्यावर.

माझा क्रम असा असतो. मूळ चित्राला हात न लावता वर एक रिकामा लेयर घ्यायचा आणि ब्रशच्या पट्टीतील Sample या ठिकाणी `Current & Below` ठेवायचे. मानेवरचा तुकडा आधी, कारण तो लहान असतो आणि तिथली चूक सर्वांत आधी डोळ्यांत भरते. मग कॉलरची कड, मग छातीवरच्या दोन तिरक्या रेघा. निवड करताना दोरीच्या रुंदीइतकीच जागा सावलीच्या बाजूला अधिक धरायची. फ्लॅश डावीकडून असेल तर सावली सगळ्यांच्या उजवीकडे असते, त्यामुळे एकाची बाजू ओळखली की ४१ जणांची ओळखता येते. गुलाबी झाक सर्वांत शेवटी : वेगळा लेयर, त्याची पद्धत `Color`, आणि त्याच शर्टाच्या स्वच्छ भागावरून उचललेला रंग मऊ ब्रशने हलकेच. उजेड जसाच्या तसा राहतो आणि झाक तेवढी जाते.

कल्याण_फास्ट

माझ्या पुतण्याच्या ओळखपत्राच्या फोटोची पार्श्वभूमी निळी आहे आणि कार्यालयाला पांढरी हवी आहे. ती कशी काढावी? फोटो मोबाईलवरचा आहे.

दादरचा_निवांत

कल्याण_फास्ट, आपली गाडी चुकली. इथे ओळखपत्र फोटोतून काढत आहेत, फोटो ओळखपत्रातून नव्हे.

गणितमास्तर_ठाणे

छायाप्रकाश यांची पद्धत निर्दोष आहे, परंतु ती ४१ वेळा करण्याआधी कागदावर एक हिशेब मांडावा. धागाकर्त्यांचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे असे धरू, म्हणजे आडवे ६००० बिंदू. तीन रांगांत ४१ माणसे म्हणजे रांगेत तेरा-चौदा. कडेची जागा धरून चौकटीत सुमारे ८ मीटर रुंदी आली असेल. एका मीटरला ७५० बिंदू झाले. २० मिलिमीटर रुंदीची दोरी म्हणजे १५ बिंदू. कार्ड साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटरचे असते, ते ६४ बाय ४० बिंदूंत बसते.

३० इंचांच्या छपाईत इंचाला २०० बिंदू येतात. म्हणजे भिंतीवर दोरी जेमतेम २ मिलिमीटरची आणि कार्ड ८ मिलिमीटर उंचीचे दिसणार. पहिली रांग कॅमेऱ्याजवळ असल्याने तिथे थोडे मोठे, मागे थोडे लहान. एवढ्याशा जागेत शर्टाची वीण दिसणारच नाही, दिसतील ते सावल्या आणि रेघा. त्यामुळे ४०० टक्के मोठे करून बिंदू-बिंदू घासण्यात वेळ घालवू नये. २०० टक्क्यांवर काम करावे आणि ५० टक्क्यांवर तपासावे.

छायाप्रकाश

मास्तर, हिशेब मान्य. मात्र एक पुरवणी जोडते. वीण दिसत नसली तरी दाणे दिसतात. सभागृहात आयएसओ वाढवून घेतलेल्या फोटोत सगळीकडे बारीक दाणे असतात आणि दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत झाली, तर ती दोन मिलिमीटरचीही तुळतुळीत पट्टी म्हणून ओळखू येते. मऊ कडेचा क्लोन ब्रश वारंवार त्याच जागी फिरवला की दाणे एकमेकांत मिसळून पुसले जातात. कड थोडी कडक ठेवावी आणि एका फटक्यात काम करावे.

तपासण्यासाठी माझी एक सवय आहे. सर्वांत वर कर्व्ह्जचा एक तात्पुरता लेयर ठेवून रेघ खूप उभी करावी, म्हणजे फरक अतिशयोक्त होतात. त्यात राहिलेले सगळे 'व्ही' भुतासारखे उभे राहतात. ते दुरुस्त करून तो लेयर काढून टाकावा. तो चालू ठेवूनच फाइल पाठवल्याचा प्रताप मी एकदा केला आहे, आणि तो फोटो उघडून ग्राहक काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

बीकेसी_धावपळ

मी कार्यक्रमांचे व्यवस्थापन करते आणि या धाग्यावर टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलते. सगळे छायाचित्रकार विचारतात की फोटोआधी कार्डे काढायला का सांगत नाही. सांगतो, पण ते दिसते तितके सोपे नाही. एकदा आम्ही ६० जणांची कार्डे एका ताटात गोळा केली. फोटो झाल्यावर परत देताना अर्धा तास गोंधळ चालला, कारण सगळ्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या होत्या, आणि दोघे जण एकमेकांच्या नावाने जेवायला गेले. त्यातच कार्डाशिवाय सभागृहात पुन्हा प्रवेश द्यायला सुरक्षारक्षक तयार नव्हते.

मग काही जण कार्ड पाठीवर फिरवतात. त्याने काम वाढते, कारण पुढचे कार्ड जाते पण दोरी सरळ गळ्यावर आडवी येते आणि तिथे कॉलर, मान, गळ्यातला दागिना सगळे एकत्र असते. आता मी वेगळे करते. सगळे रांगेत उभे राहिल्यावर सांगते, 'कार्ड गळ्यातून काढा, मुठीत गुंडाळा आणि हात पाठीमागे घ्या.' कार्ड ज्याचे त्याच्याजवळच राहते. खुर्चीवर बसलेल्यांनी ते मांडीखाली ठेवायचे. बॅगांसाठी छायाचित्रकाराच्या मागे एक टेबल असते, म्हणजे फोटो संपेपर्यंत आपली बॅग ज्याला त्याला समोर दिसत राहते. नजरेआड ठेवायला सांगितले की मुंबईकर खांद्यावरून बॅग काढत नाही.

फोकस_मुलुंड

सर्वांचे आभार. काल रात्री छायाप्रकाश यांच्या क्रमाने पहिली रांग पूर्ण केली. साधे पांढरे आणि आकाशी शर्ट छान जमले. सावलीची बाजू सोडून मी दोन्हीकडे सारखीच निवड करत होतो, तिथे अर्धी चूक होती. फ्लॅश उजवीकडे होता.

आता अडलो आहे तो दुसऱ्या रांगेतील चौकड्यांच्या शर्टावर. कार्ड बरोबर छातीच्या मध्यावर आहे. एका बाजूचा शर्ट आरशासारखा उलटवून दुसऱ्या बाजूला बसवला, तरी काहीतरी विचित्र दिसते आहे.

छायाप्रकाश

पुरुषांच्या शर्टाला आरसा चालत नाही. खिसा डाव्या छातीवर असतो, तो उजवीकडे उमटतो. डावी पट्टी उजवीवर येऊन बटणे लागतात, ती उलट होते. उजेड एका बाजूने असल्यामुळे सुरकुत्यांचा उजळ भागही चुकीच्या बाजूला जातो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण माणूस चुकला आहे एवढे त्याला जाणवते. आरसा वापरायचाच असेल तर तो कॉलरच्या टोकापुरता, आणि त्याचाही उजेड नंतर जुळवावा लागतो.

चौकडीसाठी लहान ब्रश विसरा. त्याच शर्टावर, शक्यतो त्याच उंचीवर, कार्डाहून थोडा मोठा स्वच्छ तुकडा निवडून नवीन लेयरवर घ्या आणि त्याची पारदर्शकता अर्धी करून कार्डावर सरकवत न्या. आधी उभ्या रेघा जुळवा, मग आडव्या. दोन्ही एकदम जुळणार नाहीत, कारण छातीची गोलाई आहे. तिथे वार्पने कोपरे थोडे ओढा. जुळले की पारदर्शकता पूर्ववत करून मास्कने कडा मिटवा. मास्कची कड चौकडीच्या गडद रेघेवर लपवली, तर सांधा सापडत नाही. बटणपट्टी मात्र वेगळीच बसवावी लागते. कार्डाच्या वर एखादे बटण दिसत असेल तर तेच उचलून खाली आणा, आणि दोन बटणांतले अंतर इतर बटणांवरून मोजा. कार्डाखाली एक बटण होते की दोन, ते त्या मोजणीतूनच कळते.

निवृत्ताची_लेक

विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला एकच चांगला फोटो आहे. त्यात त्यांचे कार्ड खिशावर आले आहे. ते कायम खिशाला दोन पेने लावत, एक निळे आणि एक लाल. कार्ड काढले तर खालची पेने दिसतील का?

छायाप्रकाश

नाही, ताई. कार्डाखाली काय होते ते त्या फोटोत कुठेच नोंदलेले नाही. आपण कार्ड काढतो असे म्हणतो, प्रत्यक्षात त्याच्या जागी पटण्यासारखे काहीतरी बनवतो. साध्या शर्टाला ते चालते, कारण कापड तिथेही तसेच असणार हे आपल्याला ठाऊक असते. पेने हवी असतील तर त्याच कार्यक्रमातला दुसरा कोणताही फोटो शोधा, अगदी कडेला उभे असलेले चालतील, पण त्यांचा खिसा साधारण त्याच कोनातून दिसायला हवा. तिथून खिसा आणता येईल. नाहीतर मी कार्ड तसेच ठेवेन आणि पाकिटावरची फ्लॅशची चमक तेवढी कमी करेन.

निवृत्ताची_लेक

आभारी आहे. मामांकडे जेवणाच्या वेळचे फोटो असतील, विचारते.

परळची_वकीलीण

दोऱ्या काढण्याला माझा विरोध नाही. परंतु अनेक ठिकाणी दोरीच्या रंगावरून कायम कर्मचारी, कंत्राटी आणि पाहुणे ओळखले जातात. माझ्या माहितीतील एका ठिकाणी सगळ्यांच्या दोऱ्या काढल्या आणि कंत्राटी मुलांच्या तेवढ्या ठेवायला सांगितल्या. छायाचित्रकाराने असे करू नये असे मला वाटते. दुसरे असे की कार्डावर नाव, कर्मचारी क्रमांक आणि फोटो असतो. छायाचित्र समाजमाध्यमांवर जाणार असेल, तर निदान तो मजकूर तरी अस्पष्ट करायलाच हवा.

गणितमास्तर_ठाणे

६४ बाय ४० बिंदूंच्या कार्डावरचा क्रमांक कोणाला वाचता येणार नाही, ही चिंता इथे गैरलागू आहे. पाच जणांच्या जवळून घेतलेल्या फोटोत मात्र आपले म्हणणे बरोबर ठरते.

बीकेसी_धावपळ

वकीलीणबाईंच्या पहिल्या मुद्द्यावर छायाचित्रकाराला दोष देणे मला पटत नाही. कोणाची दोरी ठेवायची हे आम्हीही ठरवत नाही, वरून यादी येते. नाही म्हटले तर पुढचे काम दुसऱ्याला जाते.

परळची_वकीलीण

यादी वरूनच येते, म्हणूनच तो प्रश्न खाली कोणीतरी विचारावा लागतो. असो, यावर आपले एकमत होणार नाही.

पवई_पिक्सेल

माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल : काल एका फोटोवर स्वतः करून पाहिले. साडीवर कंटेंट अवेअरने पदराचा काठ मध्येच तोडून पुढे दुसऱ्याच ठिकाणी सुरू केला. मागच्या पडद्यावर आलेल्या दोरीच्या टोकाला मात्र उत्तम चालले. दीड तास हा शब्द मागे घेतो. बॅगेच्या पट्ट्याबद्दल कोणी बोलले नाही.

छायाप्रकाश

पट्टा दोरीपेक्षा अवघड, कारण तो अंगाचा आकार बदलतो. वजनाने खांदा दबतो, शर्ट त्या बाजूला ओढला जातो, कॉलर मध्यापासून सरकते आणि बटणपट्टी तिरकी होते. नुसता पट्टा पुसला तर बिनबॅगेचा माणूस एका अंगाला कललेला दिसतो. त्यात आपली मुंबई : गोरेगाव स्थानकापासून चालत आलेल्या माणसाच्या शर्टावर पट्ट्याखाली घामाचा ओला पट्टा असतो, तो कापडाहून गडद दिसतो आणि पट्ट्याहून रुंद असतो. काखेतून मागच्या बॅगेचा काळा कोपरा दिसतो तो वेगळाच.

माझा सल्ला असा की आधी त्या माणसाचा बॅग नसलेला फोटो त्याच दिवशीच्या कामात शोधावा. बक्षीस घेताना, जेवताना, कुठेही. तोच शर्ट, साधारण तोच उजेड असला की खांदा आणि कॉलर तिथून आणता येतात. नसेल तर खांद्याची वरची कड लिक्विफायने थोडी उचलावी आणि घामाची जागा सावलीप्रमाणेच दुरुस्त करावी. माणशी चाळीस मिनिटे मोकळी ठेवा. दोरीचे आणि बॅगेचे दर मी वेगळे लावते, आणि ते काम घेतानाच सांगते.

फोकस_मुलुंड

मंडळी, ३९ माणसे झाली. बॅगवाल्यांपैकी एकाचा बक्षीस घेतानाचा फोटो सापडला, त्याचा खांदा तिथून आणला. कर्व्ह्जचा लेयर लावून पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेत सहा 'व्ही' निघाले, तेही घालवले. दुसऱ्या बॅगवाल्याचा खांदा आज रात्री करेन.

शेवटची अडचण अशी आहे. मधल्या रांगेतील एका गृहस्थांनी फोटोच्या वेळी कार्ड हलू नये म्हणून ते दोन बोटांत धरले होते. कार्ड काढले, दोरी काढली, आणि आता ते छातीशी चिमूट धरून उभे आहेत.

दादरचा_निवांत

चिमटीत तपकीर द्या. पिढी जुळत असेल तर कोणाला संशय येणार नाही.

छायाप्रकाश

हात दुसऱ्या फ्रेममधून आणता येईल. किती फ्रेम घेतल्या होत्या?

फोकस_मुलुंड

पाच. तीनमध्ये हात तसाच आहे. चौथीत हात खाली आहे, पण त्यांचे डोळे मिटलेले आहेत. पाचवीत पुढच्या बाई उठून उभ्या राहिल्या आहेत.

छायाप्रकाश

डोळे मिटलेले चालतील, तुम्हाला चेहरा नको आहे. चौथ्या फ्रेममधून खांद्याच्या शिवणीपासून खालची पूर्ण बाही घ्या. कोपरापासून घेतली तर दुमडलेल्या हाताचा दंड आणि सरळ हाताचे मनगट जुळणार नाही. आणि हात खाली गेल्यावर छातीवरचा जो शर्ट उघडा पडेल, तोही त्याच फ्रेममधून घ्यावा लागेल. त्या फ्रेममध्ये तिथे कार्ड लटकत असणार, हे आधीच सांगून ठेवते.

फोकस_मुलुंड

लटकते आहे. वर त्याच्यावर फ्लॅशही चमकला आहे. बसतो पुन्हा.